फ्रीजरमधलं किती महिने चालतं? मासे, मटण, भाज्या, पराठे आणि लेबलं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे सरत आला की रत्नागिरीत मिरकरवाड्यावरून परतणाऱ्यांच्या पिशव्या एकदम जड होतात, कारण साधारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि पावसाळ्याची बेगमी आता सुक्या मासळीइतकीच फ्रीजरमध्येही होते. मग मला विचारणं सुरू होतं, हे किती दिवस टिकेल, ते कसं ठेवू, याच्यावर तारीख नाही काय करू. दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. माशांवर जास्त लिहिलंय, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

१. फ्रीजरमध्ये एकदा ठेवलं की ते कायम टिकतं ना? मग महिने कशाला मोजायचे?

अर्धं बरोबर आहे. उणे १८ अंशाला जंतू वाढत नाहीत, त्यामुळे चांगल्या अवस्थेत गोठवलेली आणि कायम त्याच थंडीत राहिलेली वस्तू खाऊन सहसा कुणी आजारी पडत नाही. पण जंतू मरतही नाहीत, नुसते गप्प बसतात, बाहेर काढून वस्तू कोमट झाली की पुन्हा कामाला लागतात. आणि चव मात्र आतल्या आत जातच असते. हवा लागून चरबी हळूहळू खवट होते, आणि वस्तूतलं पाणी थेट बर्फातून उडून जातं म्हणून ती कोरडी, चिवट पडते. या पानावर जे महिने दिलेत ते चव चांगली राहण्याचे आहेत. एखादी गोष्ट पंधरा दिवस वर गेली म्हणून ती विषारी झाली असं नाही, आणि उलट, मुदतीत आहे म्हणून वास येणारी वस्तू चालेल असंही नाही.

२. माझा फ्रीजर उणे १८ आहे हे कसं कळणार? फ्रिज तर फाइव्ह स्टार आहे.

हा घोळ फार घरांत आहे म्हणून नीट वाचा. दारावर चिकटवलेले पाच स्टार विजेच्या बचतीचे असतात, त्यांचा थंडीशी काही संबंध नाही. थंडीचे स्टार वेगळे, ते फ्रीजरच्या झाकणावर किंवा आत कोरलेले असतात. एक म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना हे माहीत असेल, तिथल्या फ्रोझन पाकिटांवर एक स्टारला आठवडा, दोन स्टारला महिना असं छापलेलंच असतं.

एका दाराच्या जुन्या फ्रिजमध्ये वर जो बर्फाचा कप्पा असतो तो बऱ्याचदा उणे १८ पर्यंत पोचतच नाही. तिथे बर्फ होतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे, पण बर्फ तर शून्याखाली कुठेही होतो. खात्री करायची तर फ्रीजरमध्ये चालणारं थर्मामीटर दोन पाकिटांच्या मध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. उणे १५ पेक्षा कमी थंडी, म्हणजे उणे १२ किंवा उणे १० असा आकडा दिसला तर खालचे सगळे महिने तुमच्यासाठी नाहीत, मासे दोनतीन आठवड्यांत संपवा, आणि उणे ६ च्या आसपास असेल तर आठवड्यातच.

३. कुठला मासा किती महिने राहतो?

एकच गोष्ट लक्षात ठेवा, जितका तेलकट मासा तितकी मुदत कमी. माशाचं तेल मटणाच्या चरबीपेक्षा लवकर खवट होतं, थंडीत तो वेग कमी होतो पण थांबत नाही.

बांगडा, तारली हे तेलकट, दोन महिने छान, फार तर तीन. सुरमई, पापलेट, हलवा मी तीन ते चार महिन्यांत संपवते. घोळीसारखा पांढऱ्या मांसाचा कमी तेलाचा मासा सहा महिने आरामात जातो. कोळंबी सोललेली, डोकं काढलेली असेल तर चार ते सहा महिने. डोक्यासकट ठेवू नका, डोक्यातल्या रसांनी ती काळी पडायला लागते आणि मऊ होते.

हे सगळं मासा ताजा असताना गोठवला तर. बर्फात तीन दिवस फिरून आलेला मासा फ्रीजरमध्ये टाकून ताजा होत नाही. डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ले लालभडक, दाबलं तर बोटाचा खड्डा लगेच भरला पाहिजे. ‘ताई, आजचाच आहे’ असं म्हणत मावशी कल्ला उघडून दाखवते तेव्हा रंगाबरोबर वासही घ्या, त्याला समुद्राचा वास हवा.

४. मासे साफ करून मीठ-हळद लावून ठेवले तर जास्त टिकतात ना?

नाही हो, उलट होतं. आपल्या डोक्यात सुक्या मासळीचं गणित असतं, मीठ लावलं की टिकतं. पण तिथे मीठ भरपूर असतं आणि मासा वाळलेला असतो. फ्रीजरमध्ये थोडंसं मीठ लावलेला मासा जास्त लवकर खवट होतो, कारण मिठामुळे तेलाला हवा लागण्याचा वेग वाढतो. शिवाय मीठ पाणी ओढून घेतं आणि तुकडी सुटताना, म्हणजे तिचा बर्फ वितळताना, चोथा होते. चिंच, कोकम, लिंबू लावून ठेवलं तर आंबटाने मांस आधीच फट्ट पांढरं पडतं. म्हणून मी काहीही लावत नाही. मीठ, हळद, आगळ सगळं सुटल्यावर.

पद्धत अशी. पोट साफ करून आतला काळा पडदा आणि कण्याजवळचं रक्त बोटाने खरवडून काढायचं, गार पाण्यात एकदा धुवायचं, आणि मग पुसायचं, हे पुसणं लोक सोडतात आणि तिथेच चुकतं कारण ओल्या माशावर बर्फाचा जाड थर बसतो आणि तुकड्या एकमेकींना चिकटतात. एका वेळेला लागेल तेवढंच एका पिशवीत, तुकड्या एकाच थरात, पिशवी पाण्याच्या भांड्यात तोंडापर्यंत बुडवली की पाण्याच्या दाबाने हवा आपोआप बाहेर जाते, मग झिप बंद करायची. सपाट पाकीट लवकर गोठतं. हळू गोठलं तर बर्फाचे मोठे खडे होतात आणि मांस फाडतात, आणि सुटल्यावर जे लालसर पाणी खाली जमतं ते याच फाटलेल्या मांसातलं असतं.

कोळंबीला वेगळी युक्ती आहे. डब्यात घालून ती बुडेल एवढं गार पाणी ओतून वीट करून ठेवा, हवेचा प्रश्नच मिटतो.

५. मे अखेरीला एकदम सहा किलो मासे आणले तर श्रावणानंतरपर्यंत पुरवता येतील का?

काही पुरतील, काही नाही. हिशोब मांडूनच दाखवते. समजा २७ मे ला तीन किलोची एक सुरमई, दोन किलो बांगडे आणि एक किलो कोळंबी आणली. पहिला प्रश्न महिन्यांचा नाही, जागेचा आहे. साध्या साठ लिटरच्या फ्रीजरमध्ये एका दिवसात दोन ते अडीच किलोच नवीन सामान गोठवता येतं, त्यावर टाकलं की सगळंच हळू गोठतं आणि आधीची पाकिटंही ढिली पडतात. म्हणून पहिल्या दिवशी बांगडे, कारण ते सगळ्यात आधी बिघडतात. सुरमई आणि कोळंबी खाली फ्रिजमध्ये, चाळणीत बर्फ पसरून त्यावर, खाली भांडं, म्हणजे वितळलेलं पाणी निथळेल. दुसऱ्या दिवशी कोळंबी आणि अर्धी सुरमई, आणि उरलेली सुरमई तिसऱ्या दिवसावर न टाकता त्याच रात्री खाऊन टाकायची.

आता तारखा. बांगड्याच्या पाकिटावर मी ३१ जुलै लिहीन, म्हणजे बंदीचे दिवस त्यांनी भागवायचे. सुरमईवर १५ सप्टेंबर. कोळंबीवर १५ ऑक्टोबर. श्रावण साधारण जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यात कधीतरी लागतो, घरात महिनाभर मासे बंद, काहींकडे गणपती जाईपर्यंत बंद. म्हणजे श्रावण लागायच्या आधी बांगडे संपलेच पाहिजेत, आणि गणपतीनंतरच्या पहिल्या जेवणाला कोळंबी नक्की, सुरमई त्या वर्षी श्रावण कधी येतो त्यावर.

मी हे शिकले ते एका वर्षी बांगडे मागे ठेवून आधी सुरमई संपवली तेव्हा. सुरमई महाग, म्हणून तिचीच काळजी केली. गणपतीनंतर बांगडे काढले तर पोटाकडची बाजू गंजासारखी पिवळी आणि तव्यावर टाकल्या टाकल्या जुन्या तेलाचा वास. आठ बांगडे टाकून द्यावे लागले.

६. फ्रीजरमधला बांगडा नीट शिजवून खाल्ला तरी तोंड लाल झालं, अंगावर गांधी उठल्या. असं कसं?

ही गोष्ट गंभीर आहे. बांगडा, कुपा, तारली या माशांच्या मांसात एक द्रव्य असतं, मासा उन्हात किंवा बर्फाशिवाय काही तास राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. एकदा ते तयार झालं की गोठवून जात नाही, तळून जात नाही, उकळून जात नाही. म्हणजे चूक फ्रीजरमध्ये झालेली नसते, त्याच्या आधी झालेली असते. खाताना जिभेला मिरीसारखं चुरचुरतं, आणि काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत तोंड लाल होणं, खाज, डोकं दुखणं, धडधड, जुलाब. तसं चुरचुरलं तर तिथेच ताट बाजूला करा. श्वास लागत असेल तर वाट न बघता डॉक्टरकडे जा. आणि बांगडे घ्यायला जाताना बर्फाची पिशवी बरोबर न्या, दुपारच्या उन्हात डिकीत ठेवून दोन ठिकाणी थांबत घरी येऊ नका.

७. बोंबील आणि तिसऱ्या?

ओले बोंबील म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच, गोठवून सोडवले की लगदा होतो. ठेवायचेच तर साफ करून दोन फळ्यांमध्ये दाबून पाणी काढा आणि महिन्याभरात तळून संपवा, कालवणाची आशा नको. तिसऱ्या शिंपल्यासकट ठेवू नका, वाफवून मांस काढून त्यांच्याच गाळलेल्या पाण्यात डब्यात ठेवा, दोनतीन महिने.

८. मटण, चिकन, खिमा किती महिने? आणि ताजं मटण लगेच गोठवलं तर रबरासारखं का होतं?

चिकनचे तुकडे नऊ महिने, अख्खी कोंबडी वर्षभर. मटणाचे तुकडे सहा ते नऊ महिने. खिमा तीन ते चार, कारण दळताना सगळीकडून हवा लागलेली असते. कलेजी, वजडी तीन-चार महिने, मी तर दोनच धरते.

आता रबराचं. बोकड कापल्यावर काही तास मांस आखडतं आणि मग हळूहळू सैल होतं. रविवारी सकाळी दुकानातून समोर कापून आणलेलं, अजून कोमट असलेलं मटण घरी येताच फ्रीजरमध्ये टाकलं तर ते सैल व्हायच्या आधीच गोठतं, आणि सुटताना एकदम आखडतं, मग कुकरच्या किती शिट्ट्या काढा. म्हणून मटण आधी झाकून खाली फ्रिजमध्ये रात्रभर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी फ्रीजरमध्ये. चिकनला पाच-सहा तास पुरतात. धुवायचं असेल तर शिजवताना धुवा, गोठवताना ओलं नको, कारण वर ४ मध्ये सांगितलंय तेच.

९. शिजवलेला रस्सा ठेवला तर?

दोन-तीन महिने. सुका मसाला आणि भाजलेल्या वाटणाचा रस्सा चांगला राहतो, नारळाच्या दुधाचा फुटतो, चव तीच पण दिसायला दाणेदार. बटाटे घालू नका, ते भुसभुशीत होतात, खायच्या वेळी वेगळे उकडून घाला. शिजल्यावर मोठं पातेलं ओट्यावर रात्रभर निववत ठेवायचं नाही, उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, गार झालं की फ्रीजरमध्ये.

१०. जानेवारीत स्वस्त मिळालेले मटार सोलून ठेवले, मार्चमध्ये पिवळट आणि गवतासारखे लागले. काय चुकलं?

उकळत्या पाण्यातून काढायचे राहिले. भाजी तोडली तरी तिच्यातली पिकवणारी, रंग बदलणारी रसायनं जिवंत असतात आणि फ्रीजरमध्येही हळूहळू काम करत राहतात. त्यांना उष्णतेनेच बंद करावं लागतं.

अर्धा किलो मटाराला चार लिटर पाणी, खळखळ उकळलेलं. पाणी कमी घेतलं तर दाणे टाकल्यावर ते थंड पडतं आणि परत उकळेपर्यंत दाणे शिजतात. दाणे टाका, परत उकळी आली की तिथून दीड मिनिट घड्याळ लावून, मग लगेच चाळणीत काढून बर्फाच्या पाण्यात, तेवढाच वेळ. नुसतं नळाचं पाणी उन्हाळ्यात पुरत नाही. मग सुती कापडावर पसरून पूर्ण कोरडे करा आणि ताटात एका थरात फ्रीजरमध्ये तास-दोन तास ठेवा, कडक झाले की पिशवीत भरा, म्हणजे दाणा दाणा मोकळा राहतो आणि हवं तेवढंच काढता येतं. असे मटार आठ ते दहा महिने, पुढच्या हंगामापर्यंत. फरसबी, फ्लॉवर तीन मिनिटं, गाजराचे तुकडे दोन मिनिटं, बाकी सगळं तसंच. मक्याचं कणीस अख्खं चार मिनिटं उकळून, गार करून मग दाणे काढा.

सिमला मिरची, चिरलेला कांदा आणि टोमॅटोची प्युरी यांना उकळायची गरज नाही. आणि ओलं खोबरं किसून छोट्या पाकिटांत, तीन महिने.

११. कुठल्या भाज्या ठेवूच नयेत?

काकडी, मुळा, कच्चा बटाटा, कोशिंबिरीचा कोबी. कोथिंबीर वाटणापुरती चालते, वरून पेरायला नाही.

१२. पराठे करून ठेवायचे तर कच्चे ठेवायचे की भाजून? आणि किती दिवस?

अर्धे भाजून. कच्च्या कणकेचा पराठा घरच्या फ्रीजरमध्ये काळपट पडतो आणि सुटताना चिकट होतो. तव्यावर तेलतूप न लावता दोन्ही बाजूंनी फक्त रंग बदलून फिकट ठिपके येईपर्यंत भाजा, जाळीवर एकेक पसरून पूर्ण गार करा. गरम पराठे एकावर एक ठेवले की वाफ आत अडकते, ती वाफ म्हणजे फ्रीजरमध्ये बर्फ आणि नंतर तव्यावर ओला लगदा. प्रत्येक दोन पराठ्यांमध्ये बटर पेपर, पाच-सहांची चळत, पिशवीतली हवा काढून सपाट ठेवा, वर जड काही नको कारण गोठलेला पराठा पापडासारखा मोडतो.

मेथीचे, साधे, पनीरचे पराठे दोन महिने. बटाट्याचे महिनाभर, आणि सारण अगदी बारीक कुस्करलेलं हवं, गाठ राहिली तर तिथलं पाणी सुटतं. मुळ्याचे नको. पुरणपोळी अशीच ठेवली तर दोन महिने छान राहते, परदेशी जाणाऱ्या मुलांच्या आया हेच करतात.

खायच्या वेळी बाहेर काढून ठेवायचं नाही, इथेच बहुतेकांचं फसतं. फ्रीजरमधून थेट मध्यम आचेच्या तव्यावर, एक बाजू दीड-दोन मिनिटं, उलटून तूप, परत उलटून. आच मोठी केली तर बाहेरून करपून आत गार राहतो.

१३. घरच्या पाकिटावर लेबल काय लिहायचं? नुसती तारीख बास ना?

नुसती तारीख लिहिली तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळत नाही की ती ठेवल्याची का संपवायची. आणि गोठवलेला हलवा आणि गोठवलेली सुरमई पिशवीतून सारखीच दिसते. माझं लेबल असं असतं:

सुरमई, तुकड्या ६, कच्ची, काही लावलेलं नाही
ठेवली २८ मे
संपवा १५ सप्टेंबर

‘संपवा’ ची तारीख ठेवतानाच लिहायची, कारण घाईच्या सकाळी फ्रीजर उघडून कुणी महिने मोजत बसत नाही. दुसरं कुणी स्वयंपाक करत असेल तर त्यांनाही विचारावं लागत नाही. ‘काही लावलेलं नाही’ हेही लिहा, नाहीतर मीठ दोनदा पडतं.

साधी चिकटपट्टी थंडीत सुटते, कागदी मास्किंग टेप टिकते. पिशवी रिकामी आणि कोरडी असतानाच टेप लावून पर्मनंट मार्करने लिहा, भरल्यावर बाहेरून दमट झालेल्या पिशवीवर काही चिकटत नाही. बॉलपेन तर फ्रीजरमध्ये पुसटच होतं. नवीन पाकीट मागे, जुनं पुढे. आणि फ्रीजरच्या दारावर एक कागद, काय आहे, किती पाकिटं, कधीपर्यंत, काढलं की काट मारायची. याने दार उघडं ठेवून शोधाशोध होत नाही, आणि सामानाचं अर्धं नुकसान त्या शोधाशोधीतच होतं.

१४. विकतच्या फ्रोझन पराठ्यांवर तारीख पुढच्या वर्षाची आहे, मग घरचे दोनच महिने का?

कारखान्यात ते आपल्यापेक्षा फार थंड हवेत काही मिनिटांत गोठतात, बर्फाचे खडे बारीक राहतात, पाकीटही हवाबंद असतं. त्यांची तारीख त्यामुळे लांबची असते. पण ती तारीख ‘उणे १८ किंवा खाली ठेवा’ या अटीवर आहे, ती ओळ पाकिटावर बारीक अक्षरात असते. तुमच्या एक स्टारच्या कप्प्यात (२ बघा) ती तारीख लागू नाही, आणि पाकीट उघडल्यावरही नाही. उघडलं की उरलेले हवाबंद पिशवीत घाला, वर उघडल्याची तारीख टाका आणि महिन्याभरात संपवा.

आपल्याकडच्या नियमाने पाकिटावर बनवल्याची किंवा पॅक केल्याची तारीख आणि ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ द्यावीच लागते. ‘बेस्ट बिफोर’ असेल तर ती चवीची तारीख, ‘यूज बाय’ गेलेलं मात्र खाऊ नका. दुकानात घेताना मटारचं पाकीट हलवून बघा, दाणे खुळखुळले पाहिजेत. एकच गोळा झाला असेल तर ते वाटेत कुठेतरी सुटून परत गोठलंय, तारीख काहीही असो, परत ठेवा.

१५. पावसात लाईट गेली की सगळं टाकून द्यायचं का?

घाई करू नका, आणि मुख्य म्हणजे दार उघडू नका. गच्च भरलेला वेगळा फ्रीजर बंद राहिला तर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. फ्रिजच्या वरचा छोटा कप्पा यापेक्षा बराच लवकर सुटतो. म्हणून पावसाळ्यात रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, तोंडाशी थोडी जागा सोडून.

गावाला जाणार असाल तर एक वाटी पाण्याचा बर्फ करून त्यावर नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. तळाला गेलेलं असेल तर मधे सगळं वितळून परत गोठलं होतं, तेव्हा मासे, मटण, शिजवलेलं सगळं टाका, वरून कितीही कडक दिसलं तरी.

१६. सुटलेलं परत गोठवता येतं का?

कसं सुटलं त्यावर आहे. मधे अजून बर्फाचे कण असतील, किंवा खाली फ्रिजमध्येच रात्रभर सुटलं असेल, तर परत ठेवता येतं, फक्त चव आणि पोत उतरतो, म्हणून मासा मी कधीच परत ठेवत नाही. पाण्यात बुडवून सोडवलेलं कच्चं मटण आधी शिजवा आणि शिजवलेलं गोठवा. ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं कुठल्याच प्रकारे परत जात नाही, ते टाकायचंच. म्हणूनच सिंकमध्ये पाकीट टाकून ऑफिसला जाणं बंद करा. रात्री खाली फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बंद पाकीट गार पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत, आणि सुटलं की लगेच शिजवा.

१७. चिकनवर पांढरे कोरडे डाग आलेत. खराब झालं?

नाही, तिथलं पाणी उडून गेलंय. तेवढा भाग कापून टाका, बाकीचं रश्श्यात घाला, तळायला नको. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये हे जास्त होतं, कारण बर्फ जमू नये म्हणून तो अधूनमधून आतून गरम होतो आणि कोरडी हवा फिरवतो. अशा फ्रिजवाल्यांनी दोन पिशव्या वापराव्यात. पाकिटाच्या आत भुसभुशीत बर्फ जमलेला असेल तर थंडी वरखाली होतेय, दाराचं रबर तपासा.

टाकायचं कधी? माशाला गंजासारखा पिवळा रंग आणि जुन्या तेलाचा वास, मटणाला सुटल्यावर चिकट बुळबुळीतपणा किंवा आंबूस वास. गोठलेलं असताना वास येत नाही, त्यामुळे निर्णय सुटल्यावरच घ्या.

१८. व्हॅक्यूम मशीनने पॅक केलेला मासा तसाच फ्रिजमध्ये सोडवायचा ना?

तसाच नाही. आधी पाकिटाला कापून हवा लागू द्या, मग फ्रिजमध्ये ठेवा. हवाच नसलेल्या जागी, फ्रिजच्या थंडीतही वाढू शकणारे आणि विष तयार करणारे काही जंतू असतात, माशात ते असण्याची शक्यता असते. गोठलेलं असेपर्यंत धोका नाही, बंद पाकिटात सुटायला लागलं की आहे. बाहेरून आणलेल्या पाकिटांवर ही सूचना असते, घरच्या मशीनवाल्यांना ती कुणी सांगत नाही. मात्र व्हॅक्यूमने मुदत खरोखर वाढते, बांगडासुद्धा महिनाभर जास्त टिकतो.

१९. तळाशी एक पाकीट सापडलं, तारीख नाही, काय आहे तेही कळत नाही. खायचं का?

आधी आठवा, शेवटचं बाजारातून काय आणलं होतं आणि मधे लाईट किती वेळ गेली होती. फ्रीजर कधी पूर्ण सुटला असेल अशी शंका असेल तर सरळ टाका. ती शंका नसेल तर ताटलीत ठेवून रात्रभर खाली फ्रिजमध्ये सोडवा आणि सकाळी १७ मध्ये लिहिलंय तसं बघा. मटण किंवा चिकन निघालं आणि वास चांगला असेल तर नीट शिजवून रस्सा करा. बांगडा किंवा तारली निघाली तर ती किती वेळ बाहेर होती हे तुम्हाला माहीत नाही, आणि ६ मध्ये सांगितलेलं हिस्टामिन वासावरून कळेलच असं नाही, म्हणून ती टाकून द्या. आणि उरलेल्या पाकिटांवर आता टेप लावायला जाऊ नका, ओल्यावर ती चिकटणार नाही, त्यापेक्षा सगळी एकदम बाहेर न काढता एकेक पाकीट दुसऱ्या कोरड्या, आधीच लिहिलेल्या पिशवीत घालून पटकन परत आत ठेवा. जे ओळखू येत नाही त्यावर आजची तारीख आणि ‘आधी हे संपवा’ असं लिहा.